दहा तास अभ्यास असताना चालायला वेळ काढावा का?

पहाटवारा:
परीक्षा जवळ आलीय, रोज नऊ-दहा तास अभ्यास चालतो. दुपारनंतर एकच पान तीन-तीनदा वाचते, तरी डोक्यात शिरत नाही. मधूनमधून चालून आल्याने खरंच लक्षात राहतं, की तेवढा वेळ वाया जातो?

निश्चल:
माझं स्पष्ट मत, वाया जातो. दर तासाला दहा मिनिटं धरली तर दिवसाचा दीड तास गेला, आणि परत येऊन मन लागेपर्यंत आणखी थोडा. डोकं शिणलं असेल तर जागेवरच डोळे मिटून बसा. 2012 साली एडिंबरामध्ये एक प्रयोग झाला होता. वयस्क लोकांना दोन गोष्टी ऐकवल्या. एकीनंतर दहा मिनिटं नुसतं शांत बसवलं, दुसरीनंतर चित्रांमधले फरक शोधायला लावले. सात दिवसांनी शांत बसण्याआधीची गोष्टच जास्त आठवत होती. म्हणजे मेंदूला हवा असतो विसावा. पाय हलवायची गरज कुठे आली?

शाल्मली:
अजिबात सहमत नाही. व्यायामाने स्मरण सुधारतं हे सिद्ध झालंय, फक्त वेळ साधावी लागते. नेदरलँड्समध्ये 2016 साली पाहिलं होतं की शिकल्यावर लगेच व्यायाम केला तर फरक पडत नाही, चार तासांनी केला तर दोन दिवसांनंतरही जास्त आठवतं. त्यामुळे सकाळी वाचा आणि चार तासांनी चालायला जा. मधल्या मधल्या फेऱ्या बंद.

अण्णा_जोग:
मी निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी तासभर भरभर चालतो. वजन उतरलं, साखर आटोक्यात आली. बाळ, तूही तासभर तरी चालच. दहा मिनिटांनी वजन उतरत नाही.

मेघना_स:
अण्णा, तिचा प्रश्न वजनाचा नाही, अभ्यासाचा आहे. पण तुमच्या चालण्याचा स्मरणाशी संबंध आहेच. 2011 साली अमेरिकेत 55 ते 80 वयाच्या 120 जणांवर वर्षभर प्रयोग झाला. आठवड्यातून तीन दिवस 40 मिनिटं चालणाऱ्यांमध्ये मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी जिथे घडतात तो भाग, सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांमध्ये तो थोडा आकसला. हा वर्षभराचा हिशेब आहे. परीक्षेच्या तोंडावर त्याच्या आशेवर राहता येत नाही.

शाल्मली, प्रयोग तुम्ही बरोबर सांगितलात, निष्कर्ष मात्र ताणलात. त्यात कोणी चालत नव्हतं. 35 मिनिटं सायकल दामटवली होती, नाडी चांगलीच चढेपर्यंत. तो निकाल रमतगमत चालण्याला लावता येत नाही.

हलक्या हालचालीसाठी जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठाचं 2018 चं काम बघा. तरुणांनी दहा मिनिटं अगदी सावकाश सायकल मारली, दुसऱ्या वेळी तेवढाच वेळ सायकलवर नुसते बसून राहिले. त्यानंतर त्यांना एकमेकांसारखी दिसणारी चित्रं ओळखायला दिली. सायकल मारलेल्या वेळी बारीक फरक जास्त चांगले कळले. निश्चल, इथे तुलना थेट बसून राहण्याशीच होती, त्यामुळे विसावा पुरेसा आहे असं मला म्हणवत नाही. अर्थात चित्रं ओळखणं वेगळं आणि अख्खा धडा ध्यानात ठेवणं वेगळं, ही मर्यादा आहेच.

निश्चल:
मर्यादा मोठी आहे. शिवाय त्यात हालचाल आधी आणि शिकणं नंतर होतं. वाचून झाल्यावर चालण्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

मेघना_स:
बरोबर. म्हणूनच मी मुलांना दोन धड्यांच्या मधोमध चालायला सांगते. तीच फेरी संपलेल्या धड्यानंतरची असते आणि पुढच्या धड्याआधीची.

पहाटवारा, एक उदाहरण घ्या. मूत्रपिंडाचा धडा पन्नासेक मिनिटं वाचलात. पुस्तक मिटा, फोन टेबलावरच ठेवा आणि निघा. पहिली चार-पाच मिनिटं काहीही आठवायला जाऊ नका. मग रक्त गाळलं जातं तिथपासून लघवी तयार होईपर्यंतचा रस्ता मनात चालत जा. बहुतेक जण हेन्लेच्या पाशापाशी अडकतात, उतरत्या भागातून पाणी बाहेर जातं की क्षार? तिथे अडकलात तर लगेच परत फिरू नका, अंदाज बांधा आणि पुढे चला. खोलीत आल्यावर कोऱ्या कागदावर ती आकृती काढा आणि मगच पुस्तक उघडा. उतरत्या भागातून पाणी जातं, चढत्या भागातून क्षार. आपण अडकलो होतो त्या जागीच हे उत्तर सापडलं की ते सहसा पक्कं बसतं.

वेग इतकाच ठेवा की पूर्ण वाक्य न धापता बोलता यावं. परत आल्यावर घाम पुसत बसावं लागलं किंवा पेंग येऊ लागली तर जास्त झालं, पुढच्या वेळी कमी करा. बाहेर जाणं शक्य नसेल तर गच्ची किंवा लांब व्हरांडाही चालेल.

ऋतुजा_प:
माझा अनुभव उलटा आहे. मी चालायला जायचे, पण कानात गाणी आणि हातात मेसेज. परत आल्यावर डोकं आधीपेक्षा गढूळ. मला वाटलं चालणंच मला मानवत नाही. फोन घरी ठेवायला लागल्यापासून दुपारची मरगळ कमी झाली. धडे जास्त लक्षात राहतात का, ते मात्र मला ठामपणे सांगता येणार नाही.

निश्चल:
ऋतुजांचं म्हणणं माझ्याच बाजूचं आहे. फोन सुटला आणि विसावा मिळाला. आणि मेघनाताई, तुमच्या उदाहरणात खरं काम आठवण्याने आणि कोऱ्या कागदाने केलं. तेच खुर्चीत बसून का करू नये?

मेघना_स:
स्मरणाचा मोठा वाटा आठवून पाहण्याचा आहे, यात वाद नाही. पण पहाटवारांची तक्रार वाचा, पान तीनदा वाचूनही शिरत नाही. ही लक्ष विरल्याची खूण आहे, आणि थोडं चालल्यावर लक्ष काही काळ परत येतं हे बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. परिणाम लहान असतो, तासभरही टिकेलच असं नाही, म्हणून फेरी पुन्हा पुन्हा मारावी लागते. मात्र दर तासाला नको. एकाग्रता चांगली जमली असेल तर घड्याळ बघून उठू नका.

स्वतःपुरतं तपासताही येईल. सारख्या अवघड धड्यांच्या दोन-तीन जोड्या निवडा. प्रत्येक जोडीतल्या एका धड्यानंतर चालत आठवा, दुसऱ्यानंतर तेवढाच वेळ खुर्चीत बसून आठवा. दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता दोन्ही लिहून काढा. एकाच जोडीवरून निकाल लावू नका, एखादा धडा मुळातच सोपा निघतो.

निश्चल:
अशी तपासणी मला मान्य आहे. पण पहिली चार-पाच मिनिटं शांत ठेवायची की लगेच आठवायला लागायचं, यावर माझं समाधान झालेलं नाही.

मेघना_स:
त्यावर माझ्याकडेही पक्कं उत्तर नाही. मुलांमध्ये दोन्ही तऱ्हा दिसतात.

पहाटवारा:
उद्यापासून जोड्या लावून बघते. एक राहिलं, गणित अडलं तर चालताना सोडवावं का?

मेघना_स:
उदाहरण कोणत्या वाटेने सोडवायचं हेच सुचत नसेल तर जरूर चाला. स्टॅनफर्डच्या 2014 च्या प्रयोगांत चालताना लोकांना नव्या कल्पना जास्त सुचल्या. पण ज्याला एकच नेमकं उत्तर आहे अशा कोड्यांत चालण्याने मदत झाली नाही, कामगिरी किंचित घसरलीच. तेव्हा वाट सुचली की परत या, आकडेमोड टेबलापाशी बसूनच करा.