नवे शब्द किती घालावेत?

“दुकानदाराची ही सोपी इंग्रजी गोष्ट आमच्या सातवीच्या मुलांना जड का जाते?”

पन्नास शब्दांमागे एकाहून अधिक शब्द अनोळखी निघाला की वाचणारा गोष्ट सोडून शब्दकोशाकडे वळतो. म्हणून आपल्या भांडीबाजारातल्या दुकानदाराच्या तोंडी ‘एन्ग्रेव्ह्ड’ घालण्यापेक्षा ‘कॉपर’ आणि ‘हेवी’ एवढेच नवे शब्द द्यावेत आणि ते निरनिराळ्या गिऱ्हाइकांबरोबरच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येऊ द्यावेत. पेचही बोलण्यातूनच निघावा. दुकानदार एका तांब्याची किंमत ‘नाइन फिफ्टी’ सांगतो, पाहुणी ‘नाइन फिफ्टीन’ ऐकून नऊशे पंधरा रुपये पुढे करते. तेव्हा तो कॅल्क्युलेटरवर ९५० दाखवून ‘फाइव्ह, झीरो’ म्हणतो. सबंध गोष्ट साध्या वर्तमानकाळातच ठेवावी, मग व्याकरणाचे शिक्षक थोडे कुरकुरले तरी चालेल.