ऑफिसात दाढी ठेवणाऱ्यांनो, तुमचे अनुभव सांगा (माझी मान अजून आठवते)

रंकाळ्याचा_वारा
भाच्याला शाहूपुरीतल्या एका ऑफिसात नोकरी लागली. काल विचारत होता, "मामा, दाढी ठेवली तर चालेल का रं?" मी काही न बोलता कपाटातनं माझं 2016 चं ओळखपत्र काढून दाखवलं. तो हसून हसून खाली बसला.

झालं असं होतं. दुसऱ्या दिवशी मुंबईचे मोठे साहेब येणार होते. रात्री आंघोळ करून आलो आणि ओल्या दाढीवरच ट्रिमर घेतला, 9 चा गार्ड लावून. आरशात झ्याक दिसली. सकाळी वाळली तर डावीकडं फुगलेली, उजवीकडं बसलेली. डावी थोडी घेतली, मग उजवी जास्त वाटायला लागली. तिला घेतली, मग परत डावी. असं करत करत 3 च्या गार्डवर आलो. मग वाटलं, मानेवरचे केस काढले की स्वच्छ दिसेल. जबड्याच्या हाडाला धरून सरळ रेघ मारली. आरशात मान वर करून बघितलं तर एकदम टकाटक. मान खाली केली आणि हनुवटीखालचं सगळं बाहेर आलं. दाढी हेल्मेटच्या पट्ट्यासारखी दिसत होती. आणि त्याच दिवशी ओळखपत्राचे फोटो काढले.

आमचे साहेब एवढंच म्हणाले, "दाढी ठेवा नाहीतर काढा, मधलं काय हे?"

तुमचं सांगा. आणि रोज सकाळी नक्की काय करता तेही लिहा, भाच्याला दाखवायचंय.

मिसळ_कट_जादा
नादखुळा 😂 फोटो टाका की राव

रंकाळ्याचा_वारा
नाही टाकणार. बायको पण हा धागा वाचते.

सौ_राजारामपुरी
आमच्याकडं प्रश्न वेगळाय. दाढी त्यांची, बेसिन माझं. रोज सकाळी ते बारीक केस पांढऱ्या बेसिनला चिकटलेले, वर पाणी ओतलं की जाळीत गोळा. शेवटी खाली जुना पेपर पसरायला लावला. पेपरची पुडी बांधून कचऱ्यात. ज्यांची लग्नं व्हायचीत त्यांनी आत्ताच सवय लावून घ्या.

गंगावेशकर
आमचं तीन पिढ्यांचं सलून. मी स्वतः आता नोकरी करतो, पण रविवारी अजून दुकानात उभा राहतो, म्हणून बोलतो.

दादा, तुमच्या तीन चुका झाल्या आणि तिन्ही रोज दुकानात बघतो. ओला केस लांब होऊन खाली बसतो, वाळला की आखडून वर येतो. कुरळा असेल तर जास्तच. म्हणून दाढी पूर्ण वाळवून, कंगव्यानं विंचरूनच मशीन लावायची. आणि एकच गार्ड, पण केसाच्या दिशेनं फिरवला तर लांब राहतं, उलटा फिरवला तर बारीक होतं. गालावर केस खाली वळतात, मानेवर काहींचे वर, काहींचे आडवे. डावीकडं सुलट आणि उजवीकडं हात वळत नाही म्हणून उलटं मारलं, की दोन बाजू दोन मापाच्या. तुमचं तेच झालं असणार.

मानेचं म्हणाल तर रेघ जबड्यावर कधीच नाही. कंठमण्याच्या वर दोन बोटं ठेवायची, वरच्या बोटापाशी मधला बिंदू. तिथनं दोन्ही कानांच्या मागं गोलाई न्यायची. बिंदू ठरवताना मान सरळ ठेवा, समोर बघा. मान वर केली की कातडी ताणते आणि रेघ भलतीकडंच पडते. खूण करून झाली की मग वर करून खालचं साफ करा.

रंकाळ्याचा_वारा
उजवीकडं उलटाच मारला होता!! दहा वर्षांनी कळलं.

पन्हाळा_रोड
मी सांगतो, रोज रात्री खोबरेल चोळा. दाढी दाट होते आणि बसते पण. माझ्या गालावर पूर्वी केसच नव्हते.

गंगावेशकर
बसते हे खरं. केस मऊ पडतो, चमक येते. पण तेलानं नवीन केस येत नाही भावा, वय वाढलं तसे आले असतील. आणि ऑफिसला जाताना दोन-तीन थेंबच, हातावर चोळून. जास्त झालं की शर्टाच्या कॉलरला डाग.

पन्हाळा_रोड
माझा अनुभव आहे, मी खोटं का सांगू. आमच्या आज्जीचं तेल होतं ते, घाण्याचं.

हेल्मेट_१२_किलोमीटर
कागलकडं एमआयडीसीत रोज गाडीवर. पट्ट्यानं हनुवटीखालची दाढी एका बाजूला वळते, गेटवर पोचेस्तोवर पंचगंगेच्या पुरातलं गवत. आता खिशात छोटा लाकडी कंगवा ठेवतो. बाथरूममध्ये हात ओला करून दाढीवर फिरवायचा, खालनं वर विंचरायचं, मग वरनं खाली. मिनिटभरात ताळ्यावर येते. प्लॅस्टिकच्या कंगव्यानं थंडीत केस उभे राहायचे, म्हणून लाकडी.

मिसळ_कट_जादा
तांबड्या रश्श्याचं काय करता? मिशीत अडकतो ना सगळा

हेल्मेट_१२_किलोमीटर
पांढरा पितो.

मिसळ_कट_जादा
हे उत्तर नाही, ही पळवाट आहे

सौ_राजारामपुरी
मिशी ओठावर येऊ द्यायचीच नाही. ह्यांना मी छोटी कातर आणून दिली, विंचरून खाली आलेली टोकं फक्त ओठाच्या कडेला कापायची. जेवण पण होतं आणि मीटिंगमध्ये पण बरं दिसतं.

श्रावणी_सोमवार
आमच्यात श्रावणात दाढीला हात लावत नाहीत. ऑफिसात साहेबांना कसं सांगायचं? कुणाचा अनुभव?

रंकाळ्याचा_वारा
आमच्याकडं चालायचं. पण मानेला पण हात लावत नाही का तुम्ही?

श्रावणी_सोमवार
कंगवा चालतो. कातर नाही.

गंगावेशकर
मग कंगव्यावरच भर द्या, निम्मं काम तोच करतो. भाच्यासाठी पण हेच सांगेन, रोज मशीन लावू नको. ऑफिसची दाढी बिघडते ती रोजच्या "जरासं सारखं करतो" मुळंच. रोज फक्त विंचरायचं आणि बाहेर आलेला एखादा केस कातरीनं उडवायचा. मानेखालचं दोन-तीन दिवसांनी. पूर्ण दाढीला मशीन आठ-दहा दिवसांनी, तेही आधी मोठा गार्ड लावून. कमी वाटलं तर पुढचा बारीक. दाढी दिवसाला साधारण मिलिमीटरचा तिसरा हिस्सा वाढते. 9 ची 3 झाली म्हणजे 6 मिलिमीटर गेले, परत यायला अठरा दिवस. दादांना तेवढे लागले असणार.

रंकाळ्याचा_वारा
मान भरायला तीन आठवडे. तोवर मफलर. मे महिन्यात.

नवा_बाबू
माझ्या मानेवर मशीन लावली की बारीक पुटकुळ्या येतात, पू नाही पण खाज. वस्तऱ्यानं तर जास्तच. काय करू?

गंगावेशकर
केस आत वळत असेल. वस्तरा बंद करा, मशीन कातडीला दाबू नका, थोडी खुंटं राहू द्या. पातं पुसून, तेलाचा थेंब टाकून ठेवता का? बोथट पातं केस ओढतं. पू किंवा दुखणं असेल तर कातडीच्या डॉक्टरला दाखवा, सलूनवाल्याला नको.

पन्हाळा_रोड
खोबरेल.

नवा_बाबू
😐

गाल_की_रेघ
गालावरची रेघ कुणी सांगितलीच नाही. मी कानापासून मिशीपर्यंत सरळ काढतो, ऑफिसात शोभते.

गंगावेशकर
मी गालाला शक्यतो हात लावत नाही. वर सुटे आलेले चार केस काढायचे, बास. सरळ रेघ दोन दिवसांत खुंटांनी भरते, मग रोज मागं लागावं लागतं.

गाल_की_रेघ
रोज लागतो मागं. पाच मिनिटं जातात, जाऊ देत. रेघ नसली की मला झोपेतनं उठून आल्यासारखं वाटतं.

सौ_राजारामपुरी
ह्यांनी आत्ता हा धागा वाचला आणि दोन बोटं गळ्यावर ठेवून आरशासमोर उभे आहेत. पेपर पसरायचा विसरलेत.