अनुभव धागा: ‘मधली तीन वर्षं काय केलं?’ याला तुम्ही काय उत्तर दिलं?

आर्वीची सून

डिसेंबर २०२० मध्ये मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी तेव्हा पुण्यात जावा बॅकएंडवर काम करत होते. राजीनामा दिला आणि आर्वीजवळच्या गावी आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये मामाजी गेले. आता परत नोकरी शोधतेय.

गेल्या आठवड्यात पहिली टेक्निकल मुलाखत झाली, घरूनच, माडीवर बसून, कारण रेंज तिथेच येते. समोरच्याने विचारलं, “मधली तीन वर्षं?” आणि मी सुरूच झाले. नळीवाटे जेवण, दर दोन तासांनी कूस बदलणं, सेवाग्रामच्या फेऱ्या, सासूबाईंचे गुडघे. आठ-दहा मिनिटं तरी बोलले असेन. तो बिचारा “ओके, ओके” म्हणत राहिला. मग त्याने लॉगिनचं सिक्युरिटी कॉन्फिगरेशन लिहायला सांगितलं. मी पूर्वीसारखं `WebSecurityConfigurerAdapter` वरून क्लास काढला. “हे स्प्रिंगच्या कुठल्या आवृत्तीत चालेल?” मी म्हटलं, “सगळ्याच.” तो काहीच बोलला नाही. दोन दिवसांनी नकाराचा मेल आला.

ज्यांनी घरच्या आजारपणासाठी काम सोडलं आणि परत उभे राहिले, त्यांनी या प्रश्नाला नेमकं काय उत्तर दिलं ते लिहा. ‘आत्मविश्वास ठेवा’ नको, प्रत्यक्षात तोंडातून काय शब्द निघाले ते हवेत.

पुसदचा भाऊ

ताई, याच्यात एवढं घाबराचं काय? माह्या पोराले बी दोन वर्षांचा गॅप होता. सेतूत गेलो, स्टॅम्प पेपरवर गॅपचं प्रतिज्ञापत्र केलं, एका दिवसात काम झालं. कालेजवाल्यांनी एक शब्द इचारला नाई. तुमी बी तेच करा.

आर्वीची सून

भाऊ, ते प्रवेशासाठी लागतं. इथे कागद कोणी मागत नाही, तोंडी विचारतात.

पुसदचा भाऊ

मंग त्याईले तोंडीच सांगा ना, की प्रतिज्ञापत्र देतो म्हणून.

वणीकर

माझा स्वतःचा अनुभव. मी ‘घरी होतो’ असं कधीच सांगितलं नाही, ‘फ्रीलान्स करत होतो’ म्हटलं. खोटंही नव्हतं, दोन दुकानांच्या वेबसाइट केल्या होत्या. कोणी खोलात शिरलं नाही. ज्यांच्याकडे तेवढंही नसेल त्यांनी ओळखीतल्या एखाद्या फर्मचं अनुभवपत्र घ्यावं. सगळेच करतात.

दारव्ह्याचा, आता पुण्यात

पाच वर्षांपासून मी टेबलाच्या पलीकडे बसतो, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

वणीकर, तुमचं पहिलं अर्धं बरोबर. दोन वेबसाइट खरोखर केल्या असतील तर जरूर सांगा. फक्त समोरचा लगेच त्यावरच प्रश्न विचारेल याची तयारी ठेवा. दुसरं अर्धं मात्र धोक्याचं. नोकरी पक्की होताना जी पडताळणी होते, तिच्यात बहुतेक ठिकाणी यूएएन मागतात. पीएफच्या नोंदीत कुठल्या कंपनीत कधी लागलात, कधी सोडलं, हे दिसतं आणि पासबुकात महिन्यामहिन्याचा भरणा दिसतो. पगाराची नोकरी दाखवली आणि पीएफ नाही, टीडीएस नाही, बँकेत पगार जमा नाही, तर तपासणारा त्या फर्मला फोन लावतो. आमच्याकडे एका मुलाला रुजू व्हायच्या चार दिवस आधी नोकरीचं पत्र परत घेतल्याचं कळवलं होतं. त्याचा गॅप होता फक्त आठ महिन्यांचा. खरं सांगितलं असतं तर कोणी अडवलं नसतं.

आता ताईंचं. मुलाखत घेणाऱ्याला या प्रश्नात दोनच शंका असतात. घरची जबाबदारी आता संपली का, की दोन महिन्यांत परत जाल? आणि तुमचं ज्ञान कुठल्या तारखेला थांबलंय? पहिल्या शंकेला दोन वाक्यं पुरतात: ‘सासऱ्यांच्या शुश्रूषेसाठी डिसेंबर २०२० मध्ये काम सोडलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते वारले, आता घरी ती जबाबदारी नाही.’ आणि थांबायचं. हे थांबणंच जड जातं. समोरचा दोन सेकंद गप्प राहिला की आपल्याला वाटतं अजून सांगायला हवं. खरं तर तो तेव्हा नुसतं लिहून घेत असतो. आजाराचे बारकावे ऐकून त्याला वाईट वाटतं, पण त्याचं काय करायचं ते कळत नाही, आणि पाऊण तासातली दहा मिनिटं जातात. ती तुमच्या कोडिंगमधून कापली जातात.

दुसरी शंका महत्त्वाची, आणि तुमचा नकार बहुधा तिथून आला. तुम्ही सोडलंत तेव्हा अ‍ॅडॅप्टरची पद्धत बरोबरच होती. स्प्रिंग सिक्युरिटी ५.७ मध्ये, २०२२ साली, ती मोडीत काढायचं जाहीर झालं आणि ६ मध्ये ती काढूनच टाकली. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्प्रिंग बूट ३ सोबत ६ येतं. हे माहीत नसणं मी माफ केलं असतं, ‘सगळ्याच आवृत्त्यांत चालेल’ हे नसतं केलं. त्याऐवजी ‘मी बूट २.३ पर्यंत काम केलंय, तिथे असं लिहायचो, ३ मध्ये बदललं असेल तर मला बघावं लागेल’ म्हणाला असतात तर मला कळलं असतं की हिला स्वतःच्या माहितीची हद्द ठाऊक आहे. आपल्या ज्ञानाला तारीख लावून बोला.

आणि एक करा. जुना, स्वतःचा एखादा छोटा प्रोजेक्ट काढा आणि बूट ३ वर आणा. कोर्सचं प्रमाणपत्र नको, ते मी वाचतही नाही. काय अडलं आणि कसं सोडवलं ते सांगता आलं पाहिजे.

वणीकर

पडताळणीचं मान्य. पण साहेब, खरं सांगणाऱ्यांचे रेझ्युमे तुमच्यापर्यंत पोचतात का? एचआरच्या चाळणीतच उडतात.

दारव्ह्याचा, आता पुण्यात

उडतात. ते खोटं नाही. आमच्याकडेही उडतात, आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही. ओळखीच्या माणसाकडून रेझ्युमे आत गेला तर ती चाळणी चुकते, एवढं पाहिलंय.

नेरचा मोठा मुलगा

माझी गोष्ट थोडी वेगळी. मी कारखान्यात पीएलसीचं प्रोग्रॅमिंग करायचो, बुटीबोरीला. आईच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस, सोम-बुध-शुक्र. मशीनवर चार तास, पण नेरहून यवतमाळला जाणं-येणं, नंबर लागणं, नंतर आईला गरगरतं म्हणून बसून राहणं, सगळं धरून दिवस जातो. दोन वर्षं काम बंद होतं.

मुलाखतीत मला विचारलं, “घरात बायको नव्हती का?” पाच-सहा लोक बसले होते, कोणी हसलं नाही, म्हणजे प्रश्न खराच होता. मी म्हटलं, “होती, ती आंगणवाडीत नोकरीला आहे, तिचा पगार सुरू होता म्हणून मी सोडली.” पुढे काही विचारलं नाही. पण त्या खोलीतून उठेपर्यंत माझं लक्ष लागलं नाही. लॅडर लॉजिकमध्ये टायमरची चूक समोर दिसत होती तरी सुटली.

दारव्हेकर दादांना विचारायचंय, की माझ्या बाबतीत ‘जबाबदारी संपली’ हे वाक्यच नाही. आई आहे, आणि असावी. मग माझ्यासारख्याने काय सांगायचं?

दारव्ह्याचा, आता पुण्यात

मग व्यवस्था सांगायची. कुठले तास तुम्ही नाही, त्या तासांना घरी कोण असतं, आणि तुमचं काम कसं भागेल. ‘जमवून घेतो’ म्हणू नका, त्याचा अर्थ ‘जमणार नाही’ असा लावला जातो.

नेरचा मोठा मुलगा

पुढच्या दोन ठिकाणी तसंच सांगितलं होतं: सोम-बुध-शुक्र दुपारी बारानंतर मी नाही, त्या बदल्यात सकाळी सातला सुरू करतो आणि रविवारी लाइन बंद असते तेव्हाची कामं माझी. एकाने नको म्हटलं. दुसऱ्याने सहा महिन्यांच्या कंत्राटावर घेतलं, पगार आधीपेक्षा कमी. आता तिथेच आहे. पण हे टेक्निकल मुलाखतीत सांगावं, की आधीच एचआरला, यावर माझं अजून ठरत नाही. आधी सांगितलं तर काम दाखवायची संधीच मिळत नाही. नंतर सांगितलं तर म्हणतात लपवलं.

चांदूर रेल्वेची

आधी सांगू नये. तुमचं काम पसंत पडल्यावर तुमच्या अटींना किंमत येते. मी बाबांच्या पार्किन्सनमुळे चार वर्षं घरी होते, त्याआधी टेस्टिंगमध्ये होते. शेवटच्या फेरीत सांगितलं, नोकरी लागली आणि टिकली.

दारव्ह्याचा, आता पुण्यात

मला नाही पटत. शेवटच्या फेरीत कळलं की मला माझ्या टीमसमोर तोंड द्यावं लागतं. पण तुमची नोकरी लागली आणि टिकली, त्यामुळे मी काय बोलू.

आर्वीची सून

अडीच महिन्यांनी परत लिहितेय. दारव्हेकर दादांचं ऐकलं.

२०१९ मध्ये मी दिरासाठी गावातल्या दूध संकलनाचा हिशेब ठेवायला एक छोटं अ‍ॅप लिहिलं होतं: कोणाचं किती लिटर, फॅट किती, दहा दिवसांचं देणं किती. बूट २.१, जावा ८. ते बूट ३ वर आणायला घेतलं. त्याला किमान जावा १७ लागतं, ते टाकलं. मग वाचलं की `javax` ची पॅकेजेस आता `jakarta` झालीत. मी सगळीकडे एकदम शोधा-आणि-बदला मारलं. बिल्ड पडलं:

```
error: package jakarta.sql does not exist
```

एक आख्खी संध्याकाळ गेली, त्यात दोन तास लाइन नव्हती. मग उमगलं. `javax.persistence` बदललं, कारण ते जावा ईईचं. `javax.sql` जावाच्या स्वतःच्या पोटातलं, ते तसंच राहिलं. माझ्या `DataSource` ची ओळ मीच बिघडवली होती. सिक्युरिटीचा भाग मग असा झाला:

```java
@Bean
SecurityFilterChain chain(HttpSecurity http) throws Exception {
    http.authorizeHttpRequests(a -> a
        .requestMatchers("/login").permitAll()
        .anyRequest().authenticated());
    return http.build();
}
```

परवा दुसरी मुलाखत झाली. प्रश्न तोच. दादांची दोन वाक्यं म्हटली आणि ओठ दातांत दाबून गप्प बसले. खरंच दोन-तीन सेकंद शांतता होती, बाहेर ट्रॅक्टरचा आवाज. मग त्यांनीच विचारलं, “मधल्या काळात काही हात लावला?” मी म्हटलं, “तीन वर्षं नाही. गेल्या अडीच महिन्यांत लावला,” आणि `jakarta.sql` ची फजिती सांगितली. ते हसले. म्हणाले, आमच्याकडे पण एकाने हेच केलं होतं. पुढची वीस मिनिटं त्यावरच गेली: कुठलं `javax` बदलतं आणि कुठलं नाही, आधी टेस्ट होत्या का (नव्हत्या, तसं सांगितलं). व्हर्च्युअल थ्रेडचं विचारलं, मी म्हटलं जावा २१ वर मी अजून काम केलेलं नाही.

निकाल आलेला नाही. पगाराच्या आकड्यावर मात्र अडखळले. २०२० चा पगार सांगू की आजच्या बाजाराचा, हे आधी ठरवलंच नव्हतं.

नेरचा मोठा मुलगा

तिथे मीही हरलो. जुना आकडा सांगितला, त्यांनी त्यातूनही कापला. कोणी सांगेल का, काय म्हणायचं?

पुसदचा भाऊ

ताई, लागली का नोकरी?