मदत हवी आहे: एकाच २×२ टेबलाच्या तीन पी-व्हॅल्यू, काय-स्क्वेअर का चालत नाही हे प्रबंधात कसं लिहू?

टाकेवाली

नमस्कार मंडळी. प्रबंध परीक्षकांकडून दुरुस्तीला परत आलाय आणि एका ओळीवर मी चार दिवस अडकले आहे.

अभ्यास अगदी छोटा. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर जखम शिवायच्या दोन पद्धती. चिठ्ठ्या काढून दोन्हीकडे १२-१२ रुग्ण घेतले, जुन्या पद्धतीतला एक जण मध्येच गळाला. नव्या पद्धतीत १२ पैकी १ जखम उसवली, जुन्या पद्धतीत ११ पैकी ६.

एसपीएसएसमध्ये पिअर्सन काय-स्क्वेअरची पी-व्हॅल्यू ०.०१६ आली, तीच मी दिली होती. परीक्षकांचा शेरा: "या संख्यांना काय-स्क्वेअर योग्य नाही. एक्झॅक्ट टेस्ट द्यावी व कारण लिहावे." मैत्रिणीने तेच टेबल आरमध्ये `chisq.test` ला दिलं तर ०.०५१ आलं! आणि फिशर म्हणतंय ०.०२७. आकडे तेच, निकाल तीन, आणि त्यातला एक चक्क ०.०५ च्या रेषेपलीकडे. आता ०.०२७ लिहिलं तर "सोयीचा आकडा उचलला" असं वाटणार नाही का?

सध्या मी एवढंच लिहिलंय: "नमुना लहान असल्यामुळे फिशर एक्झॅक्ट टेस्ट वापरली." पुरेल का?

रिकामा_डबा

एवढं काय त्यात. कुठल्याही खान्यात ५ पेक्षा कमी आकडा असला की फिशर. तुमच्याकडे १ आहे. तेच कारण लिहा आणि झोपा शांत.

जुना_खडू

डबेराव, उत्तर बरोबर आलंय पण रीत चुकली. परीक्षकाने नेमकं तिथेच बोट ठेवलं तर टाकेवालीताई अडचणीत येतील.

खान्यात प्रत्यक्ष किती आले ते बघायचं नसतं, किती अपेक्षित होते ते बघायचं. समजा १०० पैकी २ आणि १०० पैकी १८ असं टेबल आहे. एका खान्यात फक्त २ आहेत, पण दोन्ही गटांत अपेक्षित १०-१० होते, त्यामुळे तिथे काय-स्क्वेअरला हरकत नाही. ताई, तुमच्याकडे २३ पैकी ७ जखमा उसवल्या. दोन्ही पद्धती सारख्याच असत्या तर नव्या गटात १२ × ७ ÷ २३ म्हणजे ३.६५ आणि जुन्यात ३.३५ अपेक्षित होत्या. चारपैकी दोन खाने ५ च्या खाली. एसपीएसएसच्या टेबलाखाली बारीक अक्षरात हेच छापलेलं असतं, `The minimum expected count is 3.35`, पण ती ओळ कोणी वाचत नाही.

"नमुना लहान" हे कारण म्हणूनच ढिलं आहे. २००० रुग्णांच्या अभ्यासातही घटना चारच असतील तर हीच अडचण येते.

आता अडचण नेमकी काय ते बघा. एकूण ७ उसवल्या हे धरून चाललं, तर नव्या गटात ० ते ७ एवढ्याच जखमा येऊ शकतात. म्हणजे शक्य असलेली टेबलं फक्त आठ. काय-स्क्वेअरची वक्ररेषा सलग आहे, तुमचं वास्तव आठ पायऱ्यांचं. अपेक्षित संख्या मोठ्या असल्या की पायऱ्या बारीक होतात आणि वक्ररेषा त्यांच्यावर बेमालूम बसते. इथे ती बसत नाही.

फिशर अंदाज करत नाही, मोजतं. २३ जणांतून ७ जण निवडायचे २,४५,१५७ मार्ग आहेत. त्यातले नव्या गटात बरोबर १ येणारे १२ × ४६२, म्हणजे ५,५४४. ० येणारे ३३०. उलट्या टोकाला ७ च्या ७ नव्या गटात येणारे ७९२. तुमच्या टेबलाइतकी किंवा त्याहून दुर्मीळ टेबलं ही तीनच. ६ येणारे १०,१६४ आहेत, म्हणजे ते तुमच्या टेबलापेक्षा जास्त संभाव्य, म्हणून बाहेर. बेरीज ६,६६६, भागिले २,४५,१५७, उत्तर ०.०२७२. कागद-पेनने करून बघा, परीक्षेत विचारलं तर कामी येईल.

पिअर्सनला हीच शक्यता ०.०१६ वाटते, म्हणजे पुरावा आहे त्यापेक्षा बळकट दिसतो. आणि नव्या गटात ६ उसवल्या असत्या तर पिअर्सनने ०.०३३ सांगितलं असतं, खरा आकडा ०.०६९. ५ टक्क्यांची रेषा आखलीय असं म्हणत तुम्ही प्रत्यक्षात ६.९ टक्क्यांची आखली असती.

टाकेवाली

खडूसर, आता कुठे डोक्यात उतरलं! पण मग आरचं ०.०५१ कुठून आलं?

जुना_खडू

आर २×२ टेबलाला न विचारता येट्सची दुरुस्ती लावतं, तशी ती डीफॉल्टच आहे. शिवाय `Chi-squared approximation may be incorrect` असा इशाराही देतं, मैत्रिणीच्या स्क्रीनवर आला असणार. १९३४ सालची ही दुरुस्ती वक्ररेषेला अर्धी पायरी सरकवून फिशरच्या एका शेपटीजवळ नेते. तुमची एका बाजूची शेपटी ५,८७४ भागिले २,४५,१५७, म्हणजे ०.०२४. तिची दुप्पट ०.०४८, आणि येट्सचं ०.०५१ त्याच्याच आसपास. तेव्हा ते वेडगळ नाही, पण अंदाज तो अंदाजच. खरी मोजदाद हाताशी असताना तो कशाला?

यातून एक गोष्ट निघते जी लोक लिहायची विसरतात: "दोन-बाजू" म्हणजे काय केलं. शेपटीची दुप्पट केली तर ०.०४८, दुर्मीळ टेबलांची बेरीज केली तर ०.०२७. आर आणि एसपीएसएस दोन्ही बेरीज करतात. तसं स्पष्ट लिहा.

सरासरी_माणूस

माझंही असंच अडलंय. २० रुग्ण, औषधाआधी आणि औषधानंतर लक्षण आहे की नाही, असं २×२. ७ जणांचं लक्षण गेलं, एकाला नव्याने आलं, बाकीचे होते तसेच. मीही फिशरच लावू ना?

जुना_खडू

नाही हो. तुमच्याकडे दोन गट नाहीत, तीच माणसं दोनदा मोजलीत. तिथे बदललेल्या ८ जणांचाच विचार करायचा: ७ विरुद्ध १, नाणं आठदा उडवल्यासारखं. २ × (१ + ८) ÷ २५६ = ०.०७०. याला मॅकनेमारची एक्झॅक्ट आवृत्ती म्हणतात. बाकी चर्चेला वेगळा धागा काढा, हा भरकटेल.

शंकेखोर

थोडा विरोधी सूर लावतो. फिशरचं गणित दोन्ही बेरजा आधीपासून ठरलेल्या धरतं. चहाच्या आठ कपांच्या प्रयोगात तसंच होतं: दूध आधी ओतलं की चहा हे चवीवरून ओळखणाऱ्या बाईंना चार कपांत दूध आधी ओतलंय हे माहीत होतं आणि त्यांनीही चारच निवडायचे होते. इथे गट ठरवले होते, पण "एकूण ७ जखमा उसवतील" हे कोणी ठरवलं होतं? खडूसरांच्याच आकड्यांवरून बघा, ०.०२७ च्या वरची पुढची शक्य पी-व्हॅल्यू थेट ०.०६९ आहे. म्हणजे ५ टक्क्यांची रेषा फिशरमध्ये खरं तर २.७ टक्क्यांची झाली. टेस्ट गरजेपेक्षा कडक आहे. ही बेरीज ठरलेली न धरणारी बर्नार्ड किंवा बोश्लूची टेस्ट वापरावी.

जुना_खडू

मुद्दा खरा आहे आणि १९४५ मध्ये बर्नार्डने तो मांडल्यापासून भांडण चालूच आहे. ७ ही बेरीज आपल्याला फरकाबद्दल जवळपास काही सांगत नाही, म्हणून ती धरून चालायला हरकत नाही असं माझं मत. तुमचं वेगळं असू शकतं. पण ताईंनी आता, फिशरचं उत्तर बघून झाल्यावर, टेस्ट बदलू नये. "सोयीचा आकडा" ही शंका तिथे खरी ठरेल.

शंकेखोर

आधीच्या आराखड्यात लिहून ठेवायला हवं होतं, हे मान्य. बाकी मत कायम.

टाकेवाली

आराखड्यात "काय-स्क्वेअर अथवा फिशर, योग्य ते" असं लिहिलं होतं. वाचले म्हणायची!

पद्धती आणि निष्कर्षाचा मसुदा टाकते, बघाल का?

"दोन अपेक्षित संख्या ५ पेक्षा कमी (किमान ३.३५) असल्याने काय-स्क्वेअरचा अंदाज ग्राह्य धरला नाही. येट्सची दुरुस्तीही याच अंदाजावर उभी असल्याने वापरली नाही. फिशरची दोन-बाजू एक्झॅक्ट टेस्ट वापरली. प्रत्यक्ष टेबलाइतक्या किंवा त्याहून कमी संभाव्य सर्व टेबलांच्या संभाव्यतांची बेरीज म्हणजे पी-व्हॅल्यू. नव्या पद्धतीत १२ पैकी १, जुन्या पद्धतीत ११ पैकी ६ जखमा उसवल्या; पी = ०.०२७. पूर्वीच्या प्रतीतील ०.०१६ ही पिअर्सनची पी-व्हॅल्यू मागे घेतली आहे."

एक अडचण. ऑड्स रेशो हाताने काढला तर (१ × ५) ÷ (११ × ६) = ०.०७६ येतो. आर ०.०८६ देतंय. मी काय चुकले?

जुना_खडू

काही चुकलेलं नाही. `fisher.test` साधा गुणाकार-भागाकार करत नाही. बेरजा ठरलेल्या धरून जो ऑड्स रेशो तुमच्या टेबलाला सर्वात संभाव्य ठरवतो तो देतं. त्याच्यासोबत येणारी कॉन्फिडन्स इंटरव्हल त्याच हिशोबातली असते, म्हणून दोन्ही तिथूनच घ्या आणि "कंडिशनल" हा शब्द टाका.

```r
t <- matrix(c(1, 6, 11, 5), nrow = 2)
chisq.test(t)$expected
fisher.test(t)
```

इंटरव्हल ०.००१५ ते ०.९८ येईल. ती जरूर छापा. पी-व्हॅल्यूपेक्षा तीच जास्त प्रामाणिक आहे: फरक प्रचंड असू शकतो किंवा जेमतेम असू शकतो, २३ जणांत याहून जास्त कळत नाही. एक सावधगिरी, ही इंटरव्हल दोन्ही शेपट्यांना अडीच-अडीच टक्के देऊन काढलेली असते, पी-व्हॅल्यू बेरजेची. एखाद्या टेबलात पी ०.०५ च्या खाली आणि इंटरव्हल मात्र १ ला ओलांडते असं दिसू शकतं. तुमच्यात तसं होत नाही.

मसुदा चांगला आहे. मागे घेतल्याचं वाक्य काढू नका.

आता मी एक विचारू? तो गळालेला बारावा रुग्ण. त्याचं काय झालं?

टाकेवाली

तपासणीला परत आलाच नाही. फोनही लागला नाही. म्हणून वगळला.

जुना_खडू

मग हे करून बघा. त्याची जखम उसवली असती तर १२ पैकी ७ विरुद्ध १२ पैकी १, पी ०.०२७ च राहते. पण जखम नीट भरली म्हणूनच तो आला नसेल तर १२ पैकी ६. दोन्ही गट सारखे झाल्यामुळे उलट्या टोकाचं टेबल आता तुमच्याइतकंच दुर्मीळ ठरतं आणि बेरजेत येतं. २३,७६० भागिले ३,४६,१०४. म्हणजे ०.०६९.

रिकामा_डबा

बाप रे. एका माणसाने?

टाकेवाली

खरंच तेवढंच येतंय, आत्ता चालवून पाहिलं. हेही लिहायला लागणार ना? उद्या मार्गदर्शकांना दाखवते. ते म्हणतील परीक्षकांनी विचारलंय तेवढंच लिही.

शंकेखोर

म्हणतील. तरी लिहा.