मदत हवी आहे: ‘सुई’ या टोपणनावाचा जर्मन हेर, कादंबरी कोणती?

खूप वर्षांपूर्वी वाचलेली एक हेरकथा शोधतोय. नाव पार विसरलोय, पण हेराचं टोपणनाव पक्कं आठवतं: ‘सुई’, कारण तो बारीक, अणकुचीदार खंजिराने खून करायचा. लंडनमध्ये तो फेबर नावाने राहायचा. 1944 साल. इंग्लंडमधल्या एका सैन्यतळावरची विमानं प्लायवूडची, नुसती दिखाऊ आहेत हे त्याला कळतं, म्हणजे दोस्त राष्ट्रांचा फ्रान्सवरचा हल्ला कॅलेला नाही, नॉर्मंडीला होणार. (दोस्त राष्ट्रांनी असा बनावट सैन्यतळ खरंच उभारला होता.) फोटोंची फिल्म घेऊन तो पाणबुडी गाठायला निघतो, वादळात बोट फुटून एका बेटावर पोचतो. तिथे पाय गमावलेला नवरा आणि त्याची बायको. पुढे ती फिल्म कोणाच्या हाती लागते? कुणाला कादंबरीचं नाव आठवतंय का?