मदत हवी आहे: प्रोजेक्टचा रेड-अंबर-ग्रीन आकड्यांवर कसा ठरवायचा?

गोंधळलेली_पीएमओ: मंडळी, आमच्याकडे दर महिन्याला स्टेटस रिपोर्ट जातो आणि रंग प्रत्येक मॅनेजर मनाने लावतो, एक जण दोन आठवडे लेट असून 'कव्हर करू' म्हणत ग्रीन, दुसरा दोन दिवसांत अंबर. म्हणून मी नियम केला, एसपीआय, म्हणजे झालेलं काम भागिले तोवर प्लॅनप्रमाणे व्हायला हवं होतं ते काम, ०.९५ किंवा वर ग्रीन, ०.९० पर्यंत अंबर, खाली रेड. आता गंमत बघा. ४० आठवड्यांचं, १०,००० तासांचं काम. ३६व्या आठवड्यात ९,५०० तासांचं व्हायला हवं होतं, झालं ८,८०० चं, म्हणजे ०.९३, अंबर. ४०व्या आठवड्यात १०,००० पैकी ९,६००, म्हणजे ०.९६, ग्रीन! तारीख उलटली, काम बाकी, आणि रंग सुधारला. माझं चुकतंय कुठे?

आकडेमोड्या: लिमिट ढिली आहे. ०.९८ करा, विषय संपला.

जुना_प्लॅनर: ०.९८ केलंत तरी ४१व्या आठवड्यात ९,८०० झालं की परत ग्रीनच. प्लॅनचा आकडा १०,००० ला थांबतो आणि झालेलं काम वाढत राहतं, त्यामुळे कितीही लेट प्रोजेक्ट असो, संपताना एसपीआय १ वर येतोच. सुरुवातीला ठीक, शेवटी तो निरुपयोगी. त्यापेक्षा संपायची अंदाजित तारीख मंजूर तारखेशी ताडून बघा. ३६व्या आठवड्यात १,२०० तास बाकी, तुमचा वेग आठवड्याला २०० दिसतोय, म्हणजे ४२वा आठवडा, दोन आठवडे लेट. एक आठवड्यापर्यंत ग्रीन, तीनपर्यंत अंबर, पुढे रेड असं ठेवलं तर तो तेव्हाही अंबरच, पण मंजूर तारीख काम न संपता गेली की सरळ रेड, तिथे चर्चा नाही. आणि वेग मागच्या चार आठवड्यांत खरंच झालेल्या कामावरून काढा, मॅनेजरच्या 'पुढच्या महिन्यात डबल करू' वरून नको, नाहीतर मत मागच्या दाराने परत आत येतं.

एक्सेलप्रेमी: सेलचा रंग आपोआप बदलायला कंडिशनल फॉरमॅटिंग आहे की, होम टॅबमध्ये 😀

गोंधळलेली_पीएमओ: रंग कसा भरायचा ते नाही हो विचारलं, कधी भरायचा ते विचारलंय!

छोटी_टीम: आमचे प्रोजेक्ट तीन-चार आठवड्यांचे, वरून ५ टक्क्यांचा नियम आलाय. एक जण एक दिवस आजारी पडला की प्रोजेक्ट रेड. आता सगळे आधीच दोन दिवस जास्त लावून प्लॅन देतात.

जुना_प्लॅनर: म्हणून टक्का आणि दिवस दोन्ही लावायचे, ५ टक्के किंवा तीन दिवस, यातलं जे जास्त असेल ते. अजून एक, मंजूर तारीख कोण बदलू शकतं ते आधी ठरवा. एका ठिकाणी रेड दिसला की प्लॅनच नवा करायचे, पुढच्या महिन्यात सगळं हिरवंगार. तारीख बदलायची तर स्पॉन्सरच्या मंजुरीनेच, आणि रिपोर्टमध्ये मूळ तारीखही दिसली पाहिजे.

गोंधळलेली_पीएमओ: हे पटलं. पण वेळ अंबर, खर्च ग्रीन, स्कोप रेड असेल तर एकूण रंग कुठला? सगळ्यात वाईट तो धरला तर आमचे निम्मे प्रोजेक्ट कायम रेड राहतील.

आकडेमोड्या: सरासरी काढा.

जुना_प्लॅनर: सरासरीत रेड लपतो, ते नकोच. मी सगळ्यात वाईट धरतो, पण तुमच्याकडे निम्मे रेड येत असतील तर लिमिट कडक आहे की प्रोजेक्टच तसे आहेत, हे मागच्या वर्षी संपलेल्या प्रोजेक्टवर नियम लावून बघितल्याशिवाय नाही सांगता येणार.