अंग थकलेले, डोके मात्र टक्क जागे: तुमचे अनुभव सांगा

निशिगंध: काल रात्री साडेनऊला माझी तीन वर्षांची नात डोळे चोळत चोळत गादीवर उड्या मारू लागली आणि मला बँकेतला मार्चअखेर आठवला. हिशेब जुळवून मध्यरात्रीनंतर घरी येताना पाऊल उचलत नसे, पण पाठ टेकली की छातीत धडधड सुरू होई आणि न जुळलेली अकरा रुपयांची नोंद डोळ्यांपुढे नाचत राही. असे का होत असावे? तुम्हालाही असा अनुभव आहे का?

वाटसरू: आमच्याकडे उलट आहे, हे उशीवर डोके ठेवताच घोरू लागतात, जागी राहते ती मी.

सुधाकर_प: हा सगळा कॉर्टिसॉल या ताणाच्या हार्मोनचा खेळ आहे. मलाही हाच त्रास होता, म्हणून मी सकाळी आठ वाजता रक्त तपासून घेतले आणि अहवाल नॉर्मल आला. म्हणजे माझ्या बाबतीत हार्मोनचा संबंध नाही, हे सिद्ध झाले.

मेघना: मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. सुधाकरराव, कॉर्टिसॉल जाग आल्यानंतर थोड्याच वेळात सर्वाधिक असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी, त्यामुळे सकाळच्या अहवालावरून रात्रीचे काही कळत नाही. झोप अपुरी झाली तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते जितके उतरायला हवे तितके उतरत नाही, असे प्रयोगांत दिसले आहे. मात्र निशिगंधताईंची धडधड मुख्यतः ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांची असावी. ॲड्रेनलिन रक्तातून काही मिनिटांत ओसरते, पण अकरा रुपयांचा विचार पुन्हा आला की मेंदू नवा इशारा धाडतो. शिवाय नेहमीच्या झोपेआधीचे दोन-तीन तास शरीराचे घड्याळच आपल्याला जागे ठेवते, त्यामुळे थकून लवकर आडवे झालेल्या माणसालाही त्या वेळात झोप लागत नाही. त्यात ताणाचा दोष नसतो.

चहाबाज: संध्याकाळी सातचा चहा कोणत्या हार्मोनमध्ये मोडतो?

मेघना: कोणत्याच नाही. दिवसभर जागे राहिल्याने मेंदूत ॲडेनोसिन साठते आणि झोपेची ओढ वाढवते. चहातले कॅफिन त्याचीच जागा अडवते. पाचेक तासांनी त्यातले निम्मे शिल्लक असते, म्हणजे बारा वाजता अर्धा कप अजून अंगात आहे असे समजा.

निशिगंध: मार्चमध्ये माझे सहा-सात कप सहज होत, हे लिहायचे राहिलेच. पण नात तर चहा पीत नाही! तिचेही कॉर्टिसॉलच का?

मेघना: "मूल फार दमले की कॉर्टिसॉल चढते" असे सर्रास सांगितले जाते, पण मुलांबाबतचा पुरावा तितका पक्का नाही. दुपारी ती किती वाजेपर्यंत झोपली होती?

निशिगंध: साडेपाचपर्यंत. मीच उठवले नाही, कारण माझाही डोळा लागला होता.